लिंक्डइनवर प्रोफाइल पाहून जातात, लाइक करतात, बोलत कोणीच नाही. बोलणं सुरू कसं करायचं?

हळदवाला_समुद्रपूर

नमस्कार मंडळी. आमची समुद्रपूर तालुक्यात शेतकरी कंपनी आहे. सभासद सगळे वायगाव हळद लावणारे. विक्रीकडचं काम माझ्याकडे आहे. आजवर माल वसमत नाहीतर सांगलीच्या अडतीवर जायचा. यंदा थेट मसाला कंपन्यांना देता आला तर बघू, म्हणून लिंक्डइनवर लिहायला लागलो.

मागच्या आठवड्यात हळद शिजवतानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं की एक लॉट वाळून पॉलिश झाला आहे, ओलावा ९ टक्के आला. बरे लाइक आले. त्यात नागपूरच्या एका मसाला कंपनीतले खरेदी अधिकारी आहेत. शिवाय ज्यांनी नुसतंच प्रोफाइल पाहिलं त्यांच्या यादीत पुण्याची एक निर्यात करणारी बाई दिसते. तिने लाइक वगैरे काही केलेलं नाही.

आमचे अध्यक्ष म्हणतात, "सरळ लिही, तुम्ही आमचं प्रोफाइल पाहिलंत, काय हवं ते सांगा." मला ते कसंतरीच वाटतं. दाराआड उभं राहून पाळत ठेवल्यासारखं. पण गप्प बसलो तर हंगाम निघून जाईल. काय लिहावं?

वऱ्हाडी_ठोक

काऊन लाजता भाऊ? दुकानापुढं माणूस थांबला त दुकानदार इचारतेच ना, काय पाह्यजे म्हणून. त्याच्यात कायची पाळत? थो पाहून गेला म्हणजे त्याले गरज हाये. मी त प्रोफाइलवर नंबर असला का फोनच लावतो.

बाबाराव_मोर्शी

ठोकभाऊ, तुमचा फोन आला की लोक उचलत नसतील, म्हणून सारखा लावावा लागत असेल 😄

कडक_चहा

माझाही हाच प्रश्न आहे. एक मुलगी माझं व्हॉट्सॲप स्टेटस रोज पाहते, पहिल्या पाच मिनिटांत. बोलत मात्र नाही. तिला काय लिहू?

सुनंदाताई_यवतमाळ

चहा, तुझ्याजवळ तिचा नंबर आहे अन् तिच्याजवळ तुझा, म्हणून स्टेटस आपोआप पुढे सरकत तुझ्यावर येते. ती पाहत नाही, बोटानं ढकलते. काही लिहू नको. लेकरा, अभ्यास कर.

कडक_चहा

ताई 😭

माजी_खरेदीवाला

मी अकरा-बारा वर्षं मसाल्याच्या धंद्यात खरेदीत होतो, आता गावाकडे संत्र्याची बाग पाहतो. टेबलाच्या त्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो, बाकी तुम्ही ठरवा.

हंगामाच्या तोंडावर आम्ही पुरवठादारांची यादी करायला बसायचो. बहुतेक वेळा हे काम ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराकडे. तो "हळद", "शेतकरी कंपनी" असं शोधतो आणि एकामागे एक प्रोफाइल उघडत जातो. गाव कोणतं, माल किती, खडी हळद की पावडर, तपासणीचा रिपोर्ट आहे का. एवढं सापडलं तर नाव यादीत, नाही सापडलं तर पुढचं. त्या वेळी कोणाशी बोलायचं असं काहीच ठरलेलं नसतं. भाव ठरलेला नसतो, साहेबांनी मंजुरी दिलेली नसते.

आता त्या पोराला मेसेज गेला की "तुम्ही माझं प्रोफाइल पाहिलंत", तर त्याची पंचाईत होते. आपण का पाहिलं याचा खुलासा त्याला द्यावा लागतो. हो म्हणावं तर खरेदीची इच्छा दाखवल्यासारखं होतं, म्हणजे भावात हात दगडाखाली. नाही म्हणावं तर खोटं. मग तो काहीच म्हणत नाही. त्याला राग येत नाही, फक्त अडकल्यासारखं होतं. उत्तर न येण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

ठोकभाऊंचं दुकान इथे जमत नाही, कारण दुकानापुढं उभ्या माणसाला माहीत असतं की दुकानदार त्याला पाहतो आहे.

लाइकची गोष्ट निराळी. लाइक त्यानं चारचौघांत केलं आहे, त्याच्या नावासकट सगळ्यांना दिसतं. त्याचा उल्लेख केला तर कोणी दचकत नाही. म्हणून नागपूरचे खरेदी अधिकारी आणि पुण्याच्या बाई यांना एकच मेसेज जाणार नाही.

हळदवाला_समुद्रपूर

हे पटलं. मग पुण्याच्या बाईंना लिहायचंच नाही का?

माजी_खरेदीवाला

लिहायचं. पण आधी स्वतःला एक विचारा: त्यांनी माझं प्रोफाइल पाहिलं नसतं, तरी हाच मेसेज मी त्यांना पाठवला असता का? उत्तर हो असेल तर पाठवा. नाही असेल तर मेसेजमध्ये प्रोफाइल पाहिल्याखेरीज दुसरं काही नाही असा अर्थ, मग थांबा आणि दुसरं कारण शोधा. त्यांच्या प्रोफाइलवर जा. त्यांनी स्वतः काही लिहिलं आहे का, कोणता माल पाठवतात, कुठल्या देशात. एखाद्या पोस्टवर तुम्हाला खरोखर काही सांगता येत असेल तर तिथे उघड कमेंट करा.

आणि हो, तुम्ही त्यांच्या प्रोफाइलवर गेलात की त्यांनाही तुमचं नाव दिसतं. एका अर्थी नमस्काराला नमस्कार झाला. त्यावर बोलायची गरज नाही.

डिजिटल_दारव्हा

एक चूक सांगतो मालक. तुम्ही पाहिलं हे त्यांना दिसूच द्यायचं नाही. सेटिंगमध्ये Profile viewing options आहे, तिथं प्रायव्हेट मोड करा. आपण कोणालाच दिसत नाही आणि आपल्याला सगळे दिसतात. मी वर्षभर तसंच वापरतो.

नेट_कॅफे_हिंगणघाट

दारव्हाभाऊ, तुम्ही पैसे भरून प्रीमियम घेतलं असेल.

डिजिटल_दारव्हा

हो, आहे ना. का?

नेट_कॅफे_हिंगणघाट

म्हणूनच. फुकटच्या खात्यात प्रायव्हेट मोड केला की तुम्हालाही कोण येऊन गेलं ते दिसणं बंद होतं. प्रीमियमवाल्याला लपूनही यादी दिसते. हळदवाल्या भाऊंनी तुमचं ऐकलं असतं तर असलेली यादीही गेली असती. तशीही फुकटच्या खात्यात शेवटचे मोजकेच लोक दिसतात, पूर्ण यादी नाहीच.

आणि प्रीमियम घेतलं तरी जो स्वतः प्रायव्हेट मोडमध्ये आला तो LinkedIn Member एवढाच दिसतो. त्याचं नाव कोणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही.

डिजिटल_दारव्हा

हे माहीत नव्हतं राव. पण लपून पाहण्याचा सल्ला माझा कायम. खरेदीवाल्याला आपली गरज दिसू नये.

माजी_खरेदीवाला

यावर माझं मत उलटं आहे. विकणाऱ्यानं लपून काय मिळवायचं? तुमचं नाव दिसलं, तर निदान "समुद्रपूरची हळद" एवढं पुन्हा एकदा डोळ्यांखालून जातं. पण ज्याची त्याची तऱ्हा.

गजू_पाटील_दर्यापूर

फेसबुकवर कोण प्रोफाइल पाहते ते दाखवणारं ॲप आहे माझ्याकडे. पाह्यजे कोणाले? लिंक टाकतो.

नेट_कॅफे_हिंगणघाट

गजूभाऊ, लिंक टाकू नका, हात जोडतो. फेसबुक ही माहिती कोणालाच देत नाही, मग ते ॲप कुठून आणणार? तुमच्या मित्रयादीतली नावं उलटसुलट करून दाखवतं आणि तुमचा पासवर्ड घेऊन जातं. आधी पासवर्ड बदला, मग सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला परवानगी दिली ते काढा. इन्स्टाग्रामवरही तेच, स्टोरी कोणी पाहिली ते दिसतं, प्रोफाइल कोणी पाहिलं ते नाही.

गजू_पाटील_दर्यापूर

आयला. त्याच्यात माह्या साळ्याचं नाव रोज पहिलं येत होतं, म्या त्याले बोललो पण होतो 🤦

बाबाराव_मोर्शी

साळ्याची माफी मागा आता. तीही फोनवर नको, घरी जाऊन.

सुनंदाताई_यवतमाळ

मी हसले खूप. आता माझं सांगते, थोडं वेगळं आहे.

आमचा बचत गट ज्वारीचे पापड, कुरडया, शेवया करतो. मी व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो टाकते. पाहणाऱ्यांची नावं दिसतात. (ज्यांनी निळ्या टिकांची सेटिंग बंद केली त्यांची दिसत नाहीत, अन् आपण बंद केली तर आपल्यालाही कोणाची दिसत नाहीत.) पाहतात पुष्कळ, ऑर्डर तीन-चार. गटातली एक जण पाहणाऱ्या प्रत्येकीला मेसेज करायची, "ताई स्टेटस पाहिलं का, किती देऊ?" दोन महिन्यांत बायका आमचं स्टेटस पाहायच्याच बंद झाल्या. म्यूट केलं असणार.

मग आम्ही फोटो बदलले. आधी पॅकेटचा फोटो अन् भाव असायचा. त्यावर कोणी काय बोलणार? आता वाळवण घातलेलं असताना टाकतो अन् खाली लिहितो, "उद्याच्या घाण्यात तिखट किती घालू, कमी की झणझणीत?" स्टेटसला उत्तर दिलं की ते सरळ आपल्या चॅटमध्ये येते, दुसऱ्या कोणाला दिसत नाही. म्हणून बायका मोकळ्या बोलतात. "सासऱ्यांना तिखट चालत नाही, कमीचे अर्धा किलो ठेवा." बोलणं त्यांनीच काढलं, मला कोणाच्या मागं लागावं लागलं नाही.

माजी_खरेदीवाला

ताई, तुमचं यात सगळ्यात नेमकं आहे. हळदवालेभाऊ, तुमची पोस्ट पाहा. "ओलावा ९ टक्के आला." छान, पण वाचणाऱ्याला पुढे बोलायला जागा कुठे आहे? "हळकुंड पॉलिश करून देऊ की बिनपॉलिशचं? कंपन्या सध्या काय मागतात?" असं विचारलं असतंत तर खरेदीवाल्यांपैकी एखादा तरी बोलला असता. आम्हाला स्वतःच्या कामातलं मत सांगायला फार आवडतं, गरज सांगायला आवडत नाही.

वऱ्हाडी_ठोक

मंजे आता हळद इकाले बी प्रश्नमंजुषा घ्या लागते. चालू द्या.

हळदवाला_समुद्रपूर

ठोकभाऊ 😄 नागपूरच्या साहेबांसाठी हा मसुदा केला आहे. सांगा कसा वाटतो.

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आमच्या १२ तारखेच्या पोस्टला आपण लाइक केल्याचे आमच्या निदर्शनास आले. त्याबद्दल आभार. आमच्या कंपनीकडे उत्कृष्ट दर्जाची, नैसर्गिक, वायगाव हळद उपलब्ध आहे. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. आपली वार्षिक गरज कळवावी. सोबत माहितीपत्रक व दरपत्रक जोडले आहे. आपण कधी फोनवर बोलू शकता?"

बाबाराव_मोर्शी

"निदर्शनास आले" वाचून तहसील कार्यालयाची नोटीस आली असं वाटलं.

माजी_खरेदीवाला

तारीख काढा. कोणत्या दिवशी कोणी काय दाबलं याची नोंद ठेवल्यासारखं वाटतं. "वार्षिक गरज कळवावी" हे अनोळखी माणसाला कोणी सांगणार नाही, ती आतली गोष्ट असते. माहितीपत्रक, दरपत्रक आत्ता नको. भाव आधी सांगितलात तर बोलणं तिथेच संपतं. "उत्कृष्ट, नैसर्गिक" सगळेच लिहितात. फोनची वेळ मागू नका. आणि प्रश्न एकच ठेवा, ज्याचं उत्तर त्यांना दोन शब्दांत देता येईल, चालता चालता.

सुनंदाताई_यवतमाळ

आणि भाऊ, जसं बोलता तसं लिहा. साहेब नागपूरचेच आहेत ना.

हळदवाला_समुद्रपूर

दुसरा प्रयत्न:

"नमस्कार सर. मी समुद्रपूरकडचा, वायगाव हळदीच्या शेतकरी कंपनीत विक्रीचं पाहतो. हळद शिजवण्याच्या पोस्टला लाइक दिलंत, बरं वाटलं. पुढचा लॉट पॉलिशला जायचा आहे, म्हणून विचारतो. तुमच्याकडे हळकुंड पॉलिश केलेलं घेतात की बिनपॉलिशचं?"

माजी_खरेदीवाला

हा जाऊ द्या. उत्तर नाही आलं तरी यात त्यांचं काही बिघडत नाही आणि तुमचंही नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. ते तुमच्या संपर्कात नसतील तर आधी विनंती जाईल. फुकटच्या खात्यात विनंतीसोबत चिठ्ठी महिन्याला मोजक्याच लोकांना जोडता येते, तीही लहान. म्हणून ती अशाच माणसांसाठी राखून ठेवा, बाकीच्यांना नुसती विनंती पाठवा, त्यांनी स्वीकारली की मग लिहा. मेसेज चिठ्ठीत मावला नाही तर "बरं वाटलं" काढा, प्रश्न काढू नका.

नेट_कॅफे_हिंगणघाट

त्याच्याही आधी स्वतःचं प्रोफाइल पाहा भाऊ. मी आत्ता शोधून पाहिलं. नावाखाली "कृषी उद्योजक | शेतकऱ्यांचा आवाज" लिहिलं आहे. यादी करणाऱ्या पोराला यातून हळद कळेल का? तिथं वायगाव हळद, समुद्रपूर, वर्धा, खडी हळद, माल कोणत्या महिन्यात तयार, एवढं टाका. वर आलेल्यातले अर्धे लोक याच्यामुळेच न बोलता गेले असतील.

वऱ्हाडी_ठोक

आता नेटवालाभाऊ पाहून आला म्हणून सांगून रायला. ही पाळत नाही का? 😂

नेट_कॅफे_हिंगणघाट

त्यांनी विचारलं म्हणून पाहिलं ना बाप्पा!

प्राची_अकोला

मी कृषी विद्यापीठात शिकते. इथे सगळे धरून चालले आहेत की पाहणारा म्हणजे गिऱ्हाईक. आम्ही विद्यार्थी प्रकल्पासाठी शेतकरी कंपन्यांची प्रोफाइल सारखी उघडतो. मला एका कंपनीचा मेसेज आला होता, "मॅडम, किती टन पाठवू?" टनाचं मी काय करणार, वसतिगृहात राहते.

बाबाराव_मोर्शी

मेसमध्ये दिली असती तर भाजीला रंग आला असता.

हळदवाला_समुद्रपूर

मग कोण खरा गिऱ्हाईक ते ओळखायचं कसं?

माजी_खरेदीवाला

पक्कं कळत नाही. थोडा अंदाज येतो. आधी हुद्दा बघा, खरेदी, सोर्सिंग, गुणवत्ता तपासणी असं काही आहे का. पॅकिंग मशिनवाले, सॉफ्टवेअरवाले आणि कर्ज देणारे तुमच्या प्रोफाइलवर सगळ्यात जास्त येतात, कारण त्यांना तुम्हाला काहीतरी विकायचं असतं. मग वेळ बघा. पोस्ट टाकल्यावर दोन-तीन दिवसांत आलेला माणूस पोस्टवरून आला असण्याची शक्यता जास्त. एरवी कधीतरी आलेला शोधातून आलेला असतो, किंवा चुकून बोट लागलेलं असतं. ज्यानं लाइकही केलं आणि प्रोफाइलही उघडलं, तो पहिला घ्या. पण मेसेजमध्ये उल्लेख फक्त लाइकचा.

डिजिटल_दारव्हा

आणि लगेच पाठवू नका. माणूस पाहून गेला आणि दहा मिनिटांत मेसेज, म्हणजे झालंच. यात तरी माझं बरोबर आहे ना?

माजी_खरेदीवाला

शंभर टक्के. एक-दोन दिवस जाऊ द्या.

हळदवाला_समुद्रपूर

(आठ दिवसांनी)

मंडळी, सांगायचं राहिलं. प्रोफाइल बदललं. नागपूरच्या साहेबांना दुसरा मसुदा थोडा कापून पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, जसंच्या तसं: "बिनपॉलिश. कर्क्युमिन रिपोर्ट आहे का? नसेल तर सॅम्पल पाठवा."

पुण्याच्या बाईंनी एक पोस्ट लिहिली होती, पावडरीत रंगाची भेसळ होते म्हणून त्या खडी हळदच घेतात. त्यावर मी कमेंट केली की आमच्याकडे शिजवताना काहीच घालत नाही, पण पॉलिशच्या वेळी रंग चढवायचा आग्रह काही व्यापारी करतात, आम्ही नाही म्हणतो. त्यांनी लाइक केलं. बस. पुढे काही नाही. परत लिहू का?

वऱ्हाडी_ठोक

लाइक आलं ना? आता तरी फोन लावा!

सुनंदाताई_यवतमाळ

नाही लिहायचं. त्यांना कळलं तुम्ही कोण ते. त्यांना वाटलं तर येतील.

माजी_खरेदीवाला

मी ताईंएवढा कडक नाही. रिपोर्ट हातात आला की एकदा लिहा, तेव्हा तुमच्याकडे नवीन सांगण्यासारखं असेल. "आधीच्या मेसेजचं काय झालं" असा मेसेज मात्र कधीच नको. रिपोर्टनंतरही शांतता असेल तर पुढच्या हंगामापर्यंत सोडा.

प्राची_अकोला

मला वाटतं कमेंट सगळ्यांसमोर होती, आता खाजगीत विनंती पाठवायला हरकत नाही. रिपोर्टची वाट कशाला? हंगाम कोणासाठी थांबतो?

माजी_खरेदीवाला

तेही चालेल. पण प्रश्न नवा हवा, भेसळीवरचंच पुन्हा नको.

हळदवाला_समुद्रपूर

ठीक. आधी नागपूरचं मार्गी लावतो. सॅम्पल किती पाठवायचं? आणि कुरिअरचा खर्च त्यांना मागायचा का?

माजी_खरेदीवाला

अर्धा किलो पुरे, त्यातलंच ते तपासायला पाठवतील. कुरिअर तुमचं. त्याच लॉटमधलं तेवढंच हळकुंड लॉट नंबर टाकून सीलबंद तुमच्याकडेही ठेवा. त्यांचा रिपोर्ट कमी आला तर तुमच्या हातात तपासायला काहीतरी पाहिजे. आणि वरचं निवडून चांगलं चांगलं भरू नका, पोत्याच्या मधून काढा. माल आला की पोतं फोडून बघतात.

वऱ्हाडी_ठोक

हे मात्र खरं बोलले. मी येतो पोतं फोडाले, मले कांडी पारखता येते. पत्ता टाका.